फोटोतली सहा झाकणं

बॉनेट उघडून काढलेला फोटो नवख्याला दाखवला की त्याचं बोट बहुतेक वेळा आधी सगळ्यात मोठ्या वस्तूवर जातं. मधोमध पसरलेल्या काळ्या प्लास्टिककडे बोट दाखवून तो म्हणतो, "हे इंजिन." ते इंजिन नसतं, इंजिनावरचं आवरण असतं. ते फोटोतली बरीच जागा खातं आणि बॅटरी सोडली तर शोधायच्या बाकी सगळ्या वस्तू त्याच्या मानाने लहान असतात. ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक, ऑइल भरायचं झाकण, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी, काच धुण्याच्या पाण्याचं तोंड आणि ब्रेकची टाकी, एवढं ओळखता आलं की वरवर करायची बहुतेक देखभाल आवाक्यात येते.

या वस्तू ओळखायला चार पुरावे असतात आणि त्यांची प्रत सारखी नसते. सर्वांत भरवशाचं म्हणजे झाकणावर कोरलेलं चिन्ह. त्यानंतर टाकीतून निघणारी नळी कुठे जाते ते. तिसऱ्या क्रमांकावर टाकीची जागा आणि अगदी शेवटी रंग. नवखा माणूस नेमका उलट चालतो. तो आधी रंग बघतो, मग जागा, आणि नळीकडे सहसा बघतच नाही. या लेखात एकच फोटो धरून योग्य क्रमाने जाऊ.

फोटो असा धरा. चार सिलिंडरची साधी पेट्रोल मोटार, इंजिन आडवं बसवलेलं, स्टिअरिंग उजव्या हाताला. फोटो काढणारा गाडीच्या तोंडासमोर उभा आहे. फोटोच्या वरच्या कडेला समोरच्या काचेचा खालचा भाग आणि वायपरची मुळं दिसतात, खालच्या कडेला बॉनेट अडकवायची कडी. मध्यभागी काळं आवरण आणि त्यावर एक गोल काळं झाकण. आवरणाच्या पुढच्या बाजूला पिवळं कडं. उजव्या अर्ध्या भागात एक मोठी चौकोनी पेटी, तिच्या एका टोकाला लाल टोपी, आणि थोडं पुढे आणखी एक काळी पेटी. डावीकडे वर, भिंतीला लागून, मुठीएवढी पांढरट टाकी. डाव्या कडेला अर्धपारदर्शक टाकी, आत गुलाबी द्रव. डावीकडे खाली, दिव्यामागे, फक्त एक निळं झाकण. याशिवाय दोन बारीक धातूच्या नळ्यांवर बोटाच्या पेराएवढ्या दोन टोप्या.

काहीही ओळखण्याआधी फोटोची दिशा ठरवायची. गाडीचा डावा-उजवा हा आत बसलेल्या चालकाचा डावा-उजवा असतो. समोरून काढलेल्या फोटोत तो उलटतो, म्हणजे गाडीची उजवी बाजू फोटोत डावीकडे येते. पुस्तिकेत 'बॅटरी डाव्या बाजूला' असं लिहिलेलं असलं तर ती फोटोत उजवीकडे शोधायची. फोटो बाजूला उभं राहून काढला असेल तर हा हिशेब पुन्हा बदलतो, म्हणून वायपर आणि बॉनेटची कडी या दोन खुणा आधी सापडल्या पाहिजेत. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधी कधी आरशासारखा उलटा साठवला जातो. इंजिनाच्या आवरणावरची अक्षरं उलटी दिसत असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

आडव्या इंजिनाची दोन टोकंही ओळखून ठेवावीत. एका टोकाला पट्टा आणि त्याच्या पुली असतात, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स जोडलेला असतो. गिअरबॉक्स इंजिनाच्या मानाने बुटका असल्याने त्याच्यावर मोकळी जागा उरते आणि बऱ्याच मोटारींमध्ये बॅटरी किंवा हवेच्या फिल्टरचा डबा तिथेच बसवतात. आपल्या फोटोत उजवीकडे दिसणारी गर्दी त्यामुळेच आहे.

सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण तिची चूक लगेच पकडता येते. फोटोत उजवीकडे दोन पेट्या आहेत आणि दोन्ही काळ्या आहेत. त्यातली एकच बॅटरी. पुढच्या पेटीच्या झाकणाला कडेने दाबायच्या क्लिपा आहेत आणि तिच्या बुडातून तारांचा जाड जुडगा निघतो. ती फ्यूजची पेटी. तिचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला फ्यूजांचा नकाशा असतो. बॅटरीला क्लिपा नसतात. तिच्या वरच्या बाजूला शिशाचे दोन गोल खुंट असतात, प्रत्येकावर बोल्टने आवळलेला पट्टा असतो आणि त्यातून बोटभर जाडीची केबल निघते. लाल टोपी अधिक खुंटावर असते. ऋण खुंटाची केबल बहुतेक काळी असते आणि थोडं अंतर जाऊन गाडीच्या पत्र्याला किंवा गिअरबॉक्सला बोल्टने जोडलेली असते. रंग फिके पडले, टोपी हरवली, तरी ही काळी केबल कुठे संपते ते पाहिलं की ऋण खुंट सापडतो. खुंटाशेजारी बॅटरीच्या अंगावर अधिक-उणे चिन्हं उठवलेली असतात, आणि अधिक खुंट ऋणापेक्षा किंचित जाडही असतो, पण ते फोटोतून कळत नाही.

काही गाड्यांत बॅटरीवर उष्णता रोखणारं कापडी किंवा प्लास्टिकचं जाकीट असतं. मग फोटोत नुसती काळी पिशवी दिसते आणि तिच्या वरून दोन केबली बाहेर आलेल्या असतात. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते, आणि बॉनेटखाली तिच्याऐवजी लाल टोपीखाली झाकलेला एकच खुंट असतो. त्यावरून गाडीला दुसऱ्या बॅटरीचा आधार देता येतो. लाल टोपी आहे पण जवळपास पेटी नाही, असा फोटो असेल तर तो हाच प्रकार. फोटोतून बॅटरीची तब्येत फारशी कळत नाही. एवढंच दिसतं की खुंटांभोवती पांढरट-निळसर भुकटी जमलेली आहे की नाही. ती असेल तर जोडणीत रोध वाढलेला असू शकतो आणि चांगली बॅटरीही कमजोर असल्यासारखी वागते. भुकटी बोटाने पुसू नये, तिच्यात आम्लाचा अंश असतो. आणि धातूचा पाना अधिक खुंट व पत्रा यांना एकाच वेळी टेकू देऊ नये. बॅटरी फक्त १२ व्होल्टची असली तरी त्या क्षणी वाहणारा प्रवाह पाना लाल करू शकतो.

आता पिवळं कडं. डिपस्टिकची मूठ बहुधा पिवळी किंवा केशरी असते आणि एका बोटाने ओढता येईल इतपत लहान असते. तिची खरी खूण म्हणजे तिच्याखालची नळी. पेन्सिलीएवढी जाड धातूची किंवा प्लास्टिकची नळी सरळ खाली इंजिनाच्या अंगात शिरताना दिसली पाहिजे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या काही गाड्यांत दुसरी डिपस्टिकही असते, बऱ्याचदा लाल मुठीची, आणि तिची नळी गिअरबॉक्सकडे उतरते. म्हणजे रंग विसरला तरी चालेल, नळी कोणत्या भांड्यात जाते तेच बघायचं. उलट, फोटोत कुठेच कडं दिसत नसेल तर ते आवरणाखाली दडलेलं असू शकतं, किंवा गाडीला डिपस्टिक नसेलच. अलीकडच्या काही गाड्या ऑइलची पातळी सेन्सरने मोजून चालकासमोरच्या पडद्यावर दाखवतात.

इथे एक गोंधळ नेहमीचा आहे. डिपस्टिक निघते तिथूनच ऑइल भरायचं, असं नवख्याला वाटतं. ती नळी मोजण्यासाठी असते. भरायची जागा म्हणजे आवरणाच्या मधोमध दिसलेलं ते गोल काळं झाकण. त्यावर चोच असलेल्या ऑइलच्या डब्याचं चित्र आणि पडणारा थेंब असतो, कधी सोबत '५ डब्ल्यू-३०' असा ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. ते झाकण इंजिनाच्या डोक्यावरच असतं, कोणत्याही टाकीवर नसतं, कारण ऑइलला वेगळी टाकी नसते. ते झाकणातून आत ओतलं की इंजिनाच्या अंगातून झिरपत तळाच्या भांड्यात जातं. म्हणूनच ओतल्यानंतर काही मिनिटं थांबून मगच मोजायचं.

मोजायची रीत फोटोच्या बाहेरची आहे, पण ती ठाऊक नसेल तर कडं सापडून उपयोग नाही. गाडी सपाट जागेवर उभी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक ओढायची, फडक्याने पुसायची, पूर्ण आत ढकलायची, पुन्हा ओढायची आणि आडवी धरून वाचायची. पहिल्या ओढीला दिसणारं ऑइल हिशेबात धरायचं नाही, ते नळीच्या भिंतींना लागून पसरलेलं असतं. टोकाशी दोन खुणा असतात. बऱ्याच मोटारींत त्या दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचा फरक असतो, लहान इंजिनात त्याहून कमी; नेमका आकडा पुस्तिकेत असतो. समजा, ऑइलची ओली रेघ खालच्या खुणेवरच थांबली. तरी अख्खा डबा ओतायचा नाही. पाव लिटर ओतून, थांबून, पुन्हा मोजायचं, आणि रेघ वरच्या खुणेच्या थोडी खाली असतानाच हात आवरायचा. रेघ मधोमध असेल तर काही घालायची गरजच नाही. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षितता, ही समजूत चुकीची आहे. पातळी फार चढली की खाली फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसाने वंगण नीट होत नाही.

डाव्या कडेची गुलाबी द्रवाची टाकी आता सोपी वाटेल. पण गुलाबी आहे म्हणून ती कूलंटची, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कूलंट हिरवं, गुलाबी, केशरी, निळं, पिवळं अशा बऱ्याच रंगांत येतं आणि तो रंग बनवणाऱ्याने फक्त ओळखीसाठी मिसळलेला असतो. दोन वेगवेगळी रसायनं एकाच रंगात येऊ शकतात. त्यामुळे नळी शोधायची. या टाकीच्या तळाशी किंवा मानेजवळ रबराची नळी असते, आणि ती इंजिनाकडे किंवा गाडीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरकडे जाते. काच धुण्याच्या टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी कधीच निघत नाही.

टाकीचे प्रकार दोन. एका प्रकारात रेडिएटरच्या माथ्यावर स्वतःचं धातूचं झाकण असतं आणि त्या झाकणाच्या मानेतून एक बारीक नळी प्लास्टिकच्या टाकीकडे येते. तापून फुगलेलं कूलंट टाकीत येतं, थंड झालं की परत ओढलं जातं. या टाकीत दाब नसतो आणि तिचं झाकण हलकं असतं. दुसऱ्या प्रकारात टाकीच दाबाखाली असते. तिचं प्लास्टिक जाड असतं, आकार बऱ्याचदा चेंडूसारखा किंवा गोलसर कप्प्यांचा असतो, झाकण आट्यांचं आणि भक्कम असतं, आणि तिला निदान एक तरी जाड नळी असते. आपल्या फोटोतली टाकी दुसऱ्या प्रकारची धरू. झाकणावर वाफेचं किंवा लाटांवर उभ्या थर्मामीटरचं चित्र आणि सावधानतेचा त्रिकोण दिसतो.

हा फरक हाताच्या कातडीशी निगडित आहे. चालत्या इंजिनातलं कूलंट साधारण ९० ते १०५ अंशांपर्यंत तापलेलं असतं. बंद यंत्रणेत दाब वाढल्यामुळे ते उकळत नाही. वातावरणापेक्षा १ बार जास्त दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकाएकी उतरतो, आतला द्रव त्याच क्षणी उकळू लागतो आणि उसळून अंगावर येतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. रेडिएटरकडची वरची जाड नळी हाताला थंड लागली आणि दाबल्यावर कडक लागली नाही, की जाड फडका टाकून झाकण हळूहळू सैल करायचं. पातळी बघायला मात्र झाकण उघडावं लागत नाही, टाकी अर्धपारदर्शक असते ती त्यासाठीच. थंड इंजिनात द्रव खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये असला की पुरे. वारंवार कमी होत असेल तर बंद यंत्रणेतून ते कुठेतरी बाहेर जातंय, आणि नुसतं भरत राहून तो प्रश्न सुटत नाही.

डावीकडे खाली दिव्यामागचं निळं झाकण म्हणजे काच धुण्याचं पाणी. झाकणावर काचेचं चित्र आणि तिच्यावर उडणारा फवारा असतो. इथे टाकी जवळजवळ दिसतच नाही. ती चाकाच्या कमानीत किंवा बंपरमागे दडलेली असते आणि वर फक्त मान येते. फोटोत टाकी नसून नुसतं तोंड दिसणं हीच तिची एक खूण. झाकण आट्यांचं नसून बोटाने उचकटायचं असतं, पातळ आणि डुगडुगतं. कूलंटच्या दाबाच्या झाकणाशी त्याची तुलना करून बघा, हाताला लागणारा फरकच सगळं सांगतो. निळा रंग इथे बऱ्यापैकी सामान्य असला तरी नियम नाही. काही डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचं झाकणही निळंच असतं, आणि ते बहुधा इंधनाच्या तोंडाजवळ असलं तरी क्वचित बॉनेटखालीही असतं. म्हणून निळ्या झाकणावरही फवाऱ्याचं चित्र शोधल्याशिवाय बाटली तिरपी करू नये.

कूलंट आणि काचेचं पाणी यांची अदलाबदल ही बऱ्याचदा होणारी चूक. कूलंट काचेच्या टाकीत गेलं तर ते काचेवर तेलकट पसरतं आणि समोरचं दिसणं अंधूक होतं. शिवाय बहुतेक कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं. टाकी उपसून धुवावी लागते, पण इंजिनाचं काही बिघडत नाही. काचेचं पाणी कूलंटमध्ये गेलं तर त्यातल्या साबणाचा फेस होतो आणि गंजरोधक द्रव्यं पातळ होतात. इंजिन चालू केलेलं नसेल तर चूक बरीचशी टाकीपुरतीच राहते. चालू केलं की ते सगळीकडे फिरतं आणि सारी यंत्रणा धुऊन भरावी लागते. त्यामुळे चूक लक्षात आल्याक्षणी करायचं काम एकच, किल्लीला हात लावायचा नाही.

आता फोटोतली सगळ्यात लहान पण सगळ्यात जपायची टाकी. वर, डावीकडे, काचेखालच्या पत्र्याच्या भिंतीला लागून असलेली. ती ब्रेकची, हे तिच्या शेजाऱ्यावरून कळतं. तिच्या मागे, भिंतीवर, ताटलीएवढा गोल काळा डबा असतो. तो ब्रेकला जोर देणारा बूस्टर. त्याच्या पुढे धातूची आडवी नळकांडी, म्हणजे मास्टर सिलिंडर, आणि त्या नळकांडीच्या पाठीवर ही टाकी बसलेली असते. डबा, नळकांडी, टाकी हे तिन्ही एका रांगेत दिसले की शंका उरत नाही. ब्रेकचं पेडल नेमकं त्या डब्याच्या मागे असतं, म्हणून ही टाकी सहसा चालकाच्या समोर येते: स्टिअरिंग उजवीकडे असेल तर फोटोत वर डावीकडे, स्टिअरिंग डावीकडे असेल तर वर उजवीकडे. अपवाद आहेत. मुळात डाव्या स्टिअरिंगसाठी आखलेल्या काही गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे आणलं तरी बूस्टर जुन्याच जागी ठेवून मध्ये दांडा टाकलेला असतो. आणि काही गाड्यांत ही टाकी वायपरखालच्या प्लास्टिकच्या पन्हाळीत अर्धी झाकलेली असते, फोटोत फक्त झाकणाची कड दिसते.

झाकणावर वर्तुळ आणि त्याच्या दोन बाजूंना कंस असं चिन्ह असतं, आणि 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' लिहिलेलं असतं. टाकीला किंवा झाकणाला पातळीच्या सेन्सरची दोन बारीक तारांची जोडणी असते. हाताच्या गिअरच्या बऱ्याच गाड्यांत याच टाकीच्या कुशीतून एक बारीक रबरी नळी निघून क्लचच्या सिलिंडरकडे जाते, म्हणजे क्लचला वेगळी टाकी नसतेच. नवखा क्लचची टाकी शोधत राहतो आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर असते.

या टाकीच्या बाबतीत आपली भाषाच घात करते. सगळेजण 'ब्रेक ऑइल' म्हणतात, आणि ते ऑइल नसतं. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलच्या कुळातले द्रव आहेत. इंजिन ऑइलचं खनिज तेल त्यात मिसळलं की ब्रेक यंत्रणेतली रबरी सीलं फुगतात, मऊ पडतात आणि दाब धरेनाशी होतात. मग टाकी धुऊन भागत नाही, ते तेल जिथे जिथे पोहोचलं तिथली सीलं बदलावी लागतात. चुकून काही वेगळं ओतलं गेलं तर पेडल दाबायचं नाही, कारण पेडलच ते पुढे ढकलतं. गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, ओढून न्यायची. 'ऑइल' हा शब्द ऐकून ऑइलचा डबा उचलणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण तो शब्द घरात बदलायला हरकत नसावी.

पातळी खाली दिसली म्हणून लगेच भरायचीही नाही. ब्रेक पॅड झिजतात तसे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागे जागा वाढते आणि ती भरायला टाकीतला द्रव उतरतो. म्हणजे महिनोन्‌महिने सावकाश उतरणारी पातळी हे पॅड झिजल्याचं लक्षण असू शकतं. ती वरच्या रेघेपर्यंत भरून टाकली तर दोन गोष्टी होतात. पॅड झिजल्याची सूचना पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की जादा द्रव टाकीतून बाहेर येतो आणि रंग खातो. पातळी एकाएकी किंवा खालच्या रेघेखाली गेली असेल तर मात्र गळती धरून चालायचं आणि गाडी हलवायची नाही. हा द्रव हवेतली ओलही शोषतो. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू निदान २३० अंश असावा लागतो, ओल मुरल्यावरची मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून नुसतं बघण्यासाठी झाकण उघडू नये, आणि महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बाटली वापरू नये.

राहिल्या त्या धातूच्या नळ्यांवरच्या दोन टोप्या. त्यांवर 'एच' आणि 'एल' अशी अक्षरं असतात. त्या एसीच्या गॅसच्या आहेत, उच्च आणि कमी दाबाच्या. तिथे ओतण्यासारखं काही नाही आणि टोपीखालच्या झडपेशी खेळण्यासारखंही काही नाही. स्टिअरिंगचं चित्र असलेलं झाकण आपल्या फोटोत नाही, म्हणून ते शोधत बसायचं नाही. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगला टाकी नसते. हायब्रिड गाडीच्या फोटोत एकासारख्या एक दोन कूलंटच्या टाक्या दिसू शकतात. एक इंजिनाची, दुसरी बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची. तिथेही नळ्याच सांगतात: एकीच्या नळ्या इंजिनाकडे, दुसरीच्या जाड केशरी केबली आलेल्या धातूच्या पेटीकडे. त्या केशरी केबलींना हात लावायचा नाही.

झाकणं ओळखायला फोटो चांगला, पातळी वाचायला मात्र फसवा. वरून काढलेल्या फोटोत रेघ आणि द्रव एका उंचीवर नसतात, फ्लॅशने टाकीचं प्लास्टिक पांढरं पडतं, आणि पिवळट बल्बच्या उजेडात पारदर्शक ब्रेक द्रवही तपकिरी दिसतो. जुन्या कूलंटच्या टाकीत वर्षानुवर्षांचा डाग बसलेला असतो आणि फोटोत तो डागच पातळी म्हणून वाचला जातो. फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल टाकीच्या उंचीवर आडवा धरून, टॉर्च टाकीच्या मागून लावला तर द्रवाची खरी कड सावलीसारखी उठते. तरीही शंका असेल तर इंजिन बंद ठेवून कुणाला तरी बंपरवर हात ठेवून गाडी हलकेच झुलवायला सांगायचं. जी रेघ हलते ती पातळी, जी हलत नाही तो डाग. दोन्ही रेघा स्थिर राहिल्या आणि टाकी रिकामी वाटली तरी तळाशी द्रव आहे का ते टॉर्चने पुन्हा बघायचं, कारण काठोकाठ भरलेली आणि पूर्ण रिकामी अशा दोन्ही टाक्या फोटोत सारख्याच दिसतात.